चाळीस शर्टांसाठी हजार मीटर?

समजा, पुण्यात दोन मैत्रिणींनी मिळून कपड्यांचा एक छोटा ब्रँड सुरू केला आहे. पहिल्या हंगामासाठी त्यांना सुती शर्ट शिवायचे आहेत. निळा, विटकरी आणि शेवाळी असे तीन रंग, प्रत्येक रंगात चाळीस शर्ट, म्हणजे एकूण १२० नग. फुल बाह्यांच्या एका शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं कापड, कटिंगमधली घट धरून, साधारण १.८ मीटर लागतं. हिशेब सोपा आहे: एका रंगाला ७२ मीटर, तिन्ही मिळून २१६. त्या प्रोसेस हाऊसला फोन लावतात आणि पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, शेडला मिनिमम हजार मीटर."

इथे बहुतेक नवे उद्योजक दोनपैकी एक चूक करतात. काही जण फोन ठेवून देतात आणि बाजारात मिळेल त्या तयार कापडावर भागवतात. काही जण भावावर घासाघीस सुरू करतात आणि "पाच रुपये जास्त घ्या, पण ७२ मीटरच द्या" असं सांगतात. दुसरी चूक जास्त नुकसानीची आहे. ७२ मीटरवर पाच रुपयांप्रमाणे गिरणीला ३६० रुपये मिळतात, आणि त्यात मशीन धुण्याचा खर्चही निघत नाही. हजार मीटर हा आकडा कापडाच्या किमतीतून आलेला नसतो, तर एखाद्या विशिष्ट यंत्राच्या मापातून आलेला असतो. ते यंत्र कोणतं हे कळलं, तर बोलणी करता येतात.

सुरुवात मागापासून करू. यंत्रमागावर कापड विणायला आधी ताण्याचं बीम लागतं. साध्या सुती शर्टिंगच्या पन्ह्यात पाच-साडेपाच हजार उभे धागे असतात. हे सगळे धागे वार्पिंगवर एकत्र गुंडाळायचे, सायझिंगमध्ये त्यांना खळ द्यायची आणि मग प्रत्येक धागा वहीतून आणि फणीतून ओवायचा. इचलकरंजीत या कामाला वहिफणी म्हणतात आणि ते करणारे कामगार वेगळे असतात. कापड ७० मीटर विणायचं असो की दोन हजार, ही तयारी तेवढीच राहते. म्हणून नवी क्वालिटी, म्हणजे नवा काउंट किंवा नवी विणकाम-घनता मागणाऱ्याला कोणीही थोडक्यात विणून देत नाही.

मात्र जी क्वालिटी मागावर आधीपासून चालू आहे, तिथे परिस्थिती वेगळी असते. जुनं बीम संपत आलं की नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांना गाठी मारून जोडतात. पुन्हा ओवणी करावी लागत नाही. अशा 'रनिंग' क्वालिटीचं कोरं कापड व्यापाऱ्याच्या गोदामात ताग्यांच्या थप्प्यांनी पडलेलं असतं, आणि साधारण शंभर-शंभर मीटरचे दोन-तीन तागे उचलणाऱ्याला नाही म्हणायचं त्याला काही कारण नसतं. म्हणून छोट्या ब्रँडचा पहिला प्रश्न "मला हे कापड विणून द्याल का?" असा नसावा. "चाळीस काउंटमध्ये तुमच्याकडे रनिंग काय आहे?" असा असावा. मग डिझाइनला त्या उत्तराजवळ जायचं असतं. शर्टाचं वेगळेपण कॉलर, कट, खिसा आणि रंग यांतून आणता येतं. ते सुताच्या काउंटमधून आणायला गेलं की पैसे अडकतात.

कोणाशी बोलायचं, हेही इथेच ठरतं. इचलकरंजीत अनेक यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचं असतं, माग यांचा असतो आणि मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर पैशांत ठरते. अशा मागवाल्याकडे जाऊन मिनिमम कमी करा म्हणण्यात अर्थ नाही, कारण सूतही त्याचं नाही आणि तयार मालही त्याचा नाही. निर्णय सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा असतो. उलट, स्वतः सूत घेऊन विणणारा छोटा कारखानदार रोख पैशाला चांगला प्रतिसाद देतो, कारण पुढचं सूत घ्यायला त्याला खेळतं भांडवल लागतं.

चेक्स किंवा पट्ट्यांचं कापड हवं असेल, तर मात्र कोऱ्या ताग्यांनी भागत नाही. तिथे सूतच आधी रंगवावं लागतं, आणि प्रत्येक रंगाच्या सुताला रंगाईचं मिनिमम आणि त्यावर बीमचं मिनिमम असे दोन अडथळे येतात. त्यातून एक जुनी वाट आहे. ताणा एकच ठेवायचा, पांढरा किंवा निळा, आणि फक्त बाणा बदलायचा. बाण्याचा रंग बदलायला मागावर कोन बदलले की पुरतं. एकाच पांढऱ्या बीमवर निळा, विटकरी आणि शेवाळी बाणा चालवला, की तीन वेगवेगळी शाम्ब्रे कापडं निघतात. तीनशे मीटरचं एक बीम तीन रंगांत वाटता येतं. मागवाल्याच्या दृष्टीनं ती तीनशे मीटरची एकच ऑर्डर असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हजार मीटर मागितले ते प्रोसेस हाऊसनं, म्हणजे रंगाई करणाऱ्यानं. हा आकडा उलगडून पाहण्यासारखा आहे. आपलं कापड चौरस मीटरला ११० ग्रॅम वजनाचं आहे. पन्हा ५८ इंच, म्हणजे १.४७ मीटर. त्यामुळे एक मीटर लांबीचं वजन सुमारे १६० ग्रॅम भरतं आणि हजार मीटरचं १६० किलो. त्या कारखान्यात २५० किलोचं मशीन असेल, तर हजार मीटर म्हणजे ते मशीन दोन-तृतीयांश भरणं. ही बहुतेक तांत्रिक मर्यादा असते, उगाच ताणून धरलेली अट नव्हे. रंगाईत कापडाचं वजन आणि पाण्याचं प्रमाण यांचं गणित जमावं लागतं. २५० किलोच्या मशिनात १२ किलो कापड टाकणं म्हणजे लग्नाच्या पातेल्यात वाटीभर भात शिजवणं. पाणी, मीठ, सोडा आणि वाफ सगळं वाया जातं, आणि रंगही ठरवलेल्या शेडवर येत नाही.

म्हणून फोनवर विचारायचा खरा प्रश्न हा आहे: "साहेब, तुमचं सगळ्यात लहान मशीन किती किलोचं आहे?"

अनेक प्रोसेस हाऊसमध्ये मोठ्या मशिनांच्या शेजारी दहा ते पन्नास किलोची सॅम्पलिंग मशिनं असतात. मोठ्या पार्टीला मंजुरीसाठी नमुन्याचे मीटर काढून देणं हे त्यांचं मुख्य काम. ती दिवसभर चालतातच असं नाही. ७२ मीटर कापडाचं वजन साडेअकरा किलो, म्हणजे अशा मशिनाच्या मापातलं. पातळ विणीच्या कापडाला दोरीसारखं फिरवणाऱ्या मशिनात घड्या पडण्याचा धोका असतो, तेव्हा जिगर बरा. जिगरवर कापड सपाट राहून दोन रुळांमध्ये इकडून तिकडे फिरतं. लांबी कमी असेल, तर दोन्ही टोकांना जुनं कापड शिवून फिरण्यापुरती लांबी भरून काढतात. जिगरचा एक दोष लक्षात ठेवावा. ताग्याच्या सुरुवातीची आणि शेवटची शेड थोडी वेगळी येऊ शकते.

या टप्प्यावर दर मीटरमध्ये बोलू नये, बॅचमध्ये बोलावं. हिशेबापुरते आकडे धरू. पूर्ण लॉटसाठी कोरं कापड मीटरला ७० रुपये आणि रंगाई २५ रुपये, म्हणजे तयार कापड ९५ रुपयांना पडतं. तीन रंगांचे तीन हजार मीटर घेतले तर बिल दोन लाख ८५ हजारांचं. आता दुसरा मार्ग पाहा. रंगाईत कापड आटतं, म्हणून २१६ ऐवजी २३० मीटर कोरं कापड थोड्या चढ्या ७५ रुपयांच्या भावानं घेतलं, तर १७ हजार २५० रुपये. रंगाईवाल्याला मीटरचा दर न विचारता सांगितलं, की एका शेडच्या एका बॅचचे सरळ पाच हजार घ्या, तर तीन शेडचे १५ हजार. एकूण ३२ हजार २५०. शर्टामागे कापडाचा खर्च १७१ रुपयांवरून सुमारे २६९ वर गेला. मीटरच्या भाषेत बोललं तर हा दर महाग वाटतो आणि घासाघीस करावीशी वाटते. पण सगळे मिळून जास्त गेले जेमतेम १२ हजार. पहिल्या मार्गात दोन लाख ६४ हजारांचं कापड कपाटात पडून राहिलं असतं आणि पुढच्या हंगामात तेच तीन रंग खपवायची सक्ती झाली असती.

पाच हजार हा आकडा जागेनुसार बदलेल. पद्धत मात्र तीच राहते. रंगाईवाल्याला विचारायचं, की तुमच्या मशिनाची एक पाळी रिकामी न जाता, तोटा न होता, एका बॅचमागे किती सुटायला हवेत? या प्रश्नाला बहुतेक जण प्रामाणिक आकडा सांगतात, कारण त्यांनाही तो हिशेब रोज करावा लागतो.

बॅचचा खर्च कमी करायचे आणखी दोन उपाय छोट्या ब्रँडच्या हातात असतात, आणि दोन्ही पैशांचे नाहीत. एक म्हणजे तारखेची सवलत. रंगाईत फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जाणं सोयीचं असतं. काळ्यानंतर फिकट निळा घ्यायचा तर मशीन नीट धुवावं लागतं. "आमचा निळा पुढच्या दोन आठवड्यांत केव्हाही करा, फक्त तुमच्या दुसऱ्या निळ्याच्या मागोमाग घ्या" असं सांगितलं, की धुण्याचा वेळ वाचतो. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत ही सवलत चालत नाही, मंदीच्या महिन्यांत सहज चालते. दुसरा उपाय म्हणजे त्यांच्या रनिंग शेडकार्डातला रंग निवडणं. काळा, पांढरा, नेव्ही असे रंग कोणत्या ना कोणत्या पार्टीसाठी लागतातच. आपले ७२ मीटर त्याच बॅचमध्ये जाऊ शकतात. अट एकच, कापड त्याच क्वालिटीचं हवं. वेगळं कापड तोच रंग वेगळ्या प्रमाणात शोषतं आणि दोन्ही पार्ट्यांचा माल बिघडतो.

तिसरा मार्ग रंगाईच पुढे ढकलण्याचा आहे. बेनेटन या इटालियन कंपनीनं १९७० च्या दशकात लोकरीचे स्वेटर न रंगवलेल्या सुतात आधी विणून घ्यायला सुरुवात केली आणि कोणता रंग खपतो हे पाहून मग स्वेटर रंगवले. त्यांचा उद्देश मोठ्या साठ्यात चुकीचा रंग अडकू न देणं हा होता. छोट्या ब्रँडला हीच युक्ती मिनिममसाठी उपयोगी पडते. १२० शर्ट रंगाईसाठी तयार केलेल्या, म्हणजे ब्लीच केलेल्या पांढऱ्या कापडात शिवून घ्यायचे आणि चाळीस-चाळीसच्या तीन गठ्ठ्यांत रंगवायचे. कपडे रंगवणारी मशिनं मुळात लहान असतात. पण हे करताना शिलाईचा दोरा सुती हवा. पॉलिस्टरचा दोरा सुती रंगात रंगत नाही आणि निळ्या शर्टावर पांढऱ्या टाक्यांच्या रेघा उमटतात. बटणं रंगाईनंतर लावावीत. आणि पॅटर्न आधीच थोडा मोठा कापावा, कारण शर्ट रंगवताना आटतो. किती आटेल, हे अंदाजानं ठरवू नये. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून, त्याच पद्धतीनं धुऊन, वाळवून मोजावा. उभ्या बाजूला ४७ आणि आडव्या बाजूला ४९ भरले, तर उभ्यात सहा टक्के आणि आडव्यात दोन टक्के आट समजावी.

कापडाचं जमलं की सामानाचा नंबर लागतो आणि तिथे अनेकांचा हिशेब चुकतो, कारण एका शर्टात बटणाचा खर्च फार थोडा म्हणून त्याकडे शेवटी पाहिलं जातं. बटणं ग्रोसमध्ये विकली जातात, ग्रोस म्हणजे १४४ नग. पुढची सात, कॉलरची दोन, कफची दोन आणि एक जादा, अशी शर्टाला १२ धरली, तर १२० शर्टांना १,४४० बटणं, म्हणजे बरोबर दहा ग्रोस. पॉलिस्टरचं बटण राळेच्या पत्र्यातून किंवा कांडीतून चकत्या कापून, कोरून आणि पिंपात घासून चकचकीत करतात. नव्या रंगासाठी राळेचा आख्खा घाणा घालावा लागतो, म्हणून रंग जुळवून बटण मागितलं की मिनिमम एकदम अनेक ग्रोसवर जातं. तीन शर्टांना तीन रंगांची बटणं मागितली, तर प्रत्येक रंगाची ऑर्डर फक्त सव्वातीन ग्रोसची होते आणि ती कोणी घेत नाही. तिन्ही रंगांना शोभेल असं शिंपल्याच्या छटेचं एकच बटण घेतलं, तर दहा ग्रोस एका ओळीत लिहिले जातात आणि तो माल विक्रेत्याकडे तयारच असतो. शर्टाच्या पुढच्या बटणाचं नेहमीचं माप १८ लाईन, म्हणजे ११.४ मिलिमीटर. याच मापात साठा सगळ्यांत जास्त असतो, त्यामुळे काजही त्यालाच जुळवून घ्यावं.

ब्रँडचं विणलेलं लेबल बहुधा हजार नगांपासून पुढे मिळतं. इथे मिनिमम कमी करायला भांडण्यात वेळ घालवू नये, कारण लेबल खराब होत नाही. मात्र त्यावर साइज, वर्ष, हंगाम किंवा कापडाचं नाव विणू नये. फक्त ब्रँडचं नाव ठेवलं, तर हजार लेबलं अशा आठ ऑर्डरींना पुरतात. साइजची छोटी लेबलं बाजारात तयार मिळतात, आणि कापडाची व धुण्याची माहिती साध्या फितीवर छापून घेता येते. चेनचंही तसंच आहे. ठरावीक लांबीची, रंग जुळवलेली चेन मागण्यापेक्षा साठ्यातल्या रंगाची लांब चेन मीटरवर घ्यावी, स्लायडर वेगळे घ्यावेत आणि शिलाई युनिटवर कापून घ्यावी.

कुठे बोलणी करू नयेत, हेही सांगायला हवं. रोटरी छपाईत डिझाइनमधल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कोरलेली स्क्रीन लागते. पाच रंगांच्या फुलाला पाच स्क्रीन. त्या खर्चापुढे ७२ मीटर टिकत नाहीत आणि कारखानदार हो म्हणाला, तर कुठेतरी काटकसर होणार हे नक्की. अशा वेळी डिजिटल छपाई निवडावी. मीटरचा दर जास्त असला, तरी स्क्रीन लागत नाही.

तोंडी ठरलेला सौदा बहुतेक वेळा शेडवरून मोडतो. म्हणून रंगाईआधी कापडाच्या छोट्या तुकड्यांवर शेडचे दोन-तीन नमुने मागावेत, दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये, दोन्हीकडे पाहावेत आणि निवडलेल्या तुकड्यावर सही करून अर्धा कारखान्यात, अर्धा आपल्याकडे ठेवावा. माल आला की प्रत्येक ताग्याच्या सुरुवातीची आणि शेवटची वीतभर पट्टी कापून, सगळ्या पट्ट्या एकमेकींना शिवून घ्याव्यात. एकेकटी पट्टी पाहिली तर सारखी वाटते, शेजारी शेजारी शिवली की फरक लगेच दिसतो. फरक दिसला तरी माल लगेच नाकारायचं कारण नाही. एका शर्टाचे सगळे भाग एकाच ताग्यातून आणि जवळजवळच्या भागातून कापले, तर ग्राहकाला तो कळत नाही. पण कटिंग मास्तरला हे आधी सांगितलेलं हवं, नाहीतर बाही एका शेडची आणि अंग दुसऱ्या शेडचं असा शर्ट तयार होतो.

कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात. लांबी कमी-जास्त किती चालेल, कारण छोट्या लॉटमध्ये पाच टक्क्यांची हमी कोणी देत नाही आणि दहा टक्के मागणं त्यांच्या बाजूनं रास्त असतं. बॅच बिघडली, तर दुसऱ्यांदा रंगवण्याचा खर्च कोणाचा. आणि पैसे कधी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तरी प्रत्यक्षात मोठ्या पार्ट्यांचे पैसे अडकतात, ही तक्रार या धंद्यात कायमची आहे. छोट्या ब्रँडकडे मीटर नसतात, पण अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले माल उचलताना देण्याची ताकद बहुधा असते. बोलणी करताना ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी, शेवटी नव्हे.

आणि मिनिमम सहज मान्य झालं, तर सावध व्हावं. हजार मीटर सांगणारा माणूस कोणताही प्रश्न न विचारता, जादा दर न मागता ७२ मीटरला तयार झाला, तर आधीच्या लॉटचा उरलेला किंवा परत आलेला माल देण्याचा विचार असू शकतो. असा माल वाईटच असतो असं नाही. स्वस्त मिळत असेल आणि तसं सांगून दिला असेल, तर जरूर घ्यावा. पण शर्ट चांगला खपला तर तीच शेड पुन्हा मिळणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा: हाच रंग, हीच क्वालिटी तीन महिन्यांनी पुन्हा करून द्याल का, आणि तेव्हा बॅचचे किती घ्याल? त्याचं उत्तर बिलावर लिहून घ्यावं.